दुकानात दहा पेट्या वाढतात तेव्हा कारखान्यात काय होते: आसूड-परिणाम ओळखून आवरण्याची रीत

पुण्याजवळच्या एका मसाल्याच्या कारखान्यात मी काही वर्षे उत्पादनाचे नियोजन पाहत होतो. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कांदा-लसूण मसाल्याच्या ऑर्डरी एका आठवड्यात तिपटीहून जास्त झाल्या. आम्ही दुसरी पाळी लावली, पॅकिंगला ठेकेदाराची माणसे घेतली आणि मिरची-धने मार्केट यार्डातून त्या दिवशीच्या भावाने, म्हणजे चढ्या भावाने, उचलले. पुढच्याच आठवड्यात सुपर स्टॉकिस्टकडून, म्हणजे आमचा माल घेऊन डिस्ट्रिब्युटरांना पुरवणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याकडून, एकही ऑर्डर आली नाही. विक्री विभागाने ‘बाजार पडला’ असे जाहीर केले आणि मी ते मान्य करून पाळी बंद केली, ही माझी चूक. बाजार पडलेला नव्हता, तसा तो तिपटीने वाढलाही नव्हता. नंतर सेल्समनना बरोबर घेऊन दुकाने फिरलो तेव्हा कळले की दुकानांतली विक्री जेमतेम एक दशांशाने वाढली होती आणि वाढलेल्या पातळीवरच टिकून होती.

गाडीवानाने मनगट किंचित हलवावे आणि आसुडाचे टोक हातभर उसळावे, तसा हा प्रकार असल्याने त्याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. मी त्याला आसूड-परिणाम म्हणणार आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जे फॉरेस्टर यांनी १९६१ पर्यंत त्याची गणिती मांडणी केली होती. नाव मात्र बरेच नंतर, प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला लहान मुलांच्या डायपरच्या बाबतीत आलेल्या अनुभवातून रूढ झाले. बाळांची संख्या आठवड्याला बदलत नाही आणि दुकानांतली विक्रीही बऱ्यापैकी स्थिर होती, तरी वितरकांच्या ऑर्डरींत मोठे चढउतार होते आणि कंपनीने आपल्या कच्च्या मालासाठी दिलेल्या ऑर्डरींत त्याहूनही मोठे.

पुढे जाण्याआधी दोन शब्द वेगळे करून घेऊ, कारण आपल्याकडे दोन्हींना ‘मागणी’ म्हणण्याची सवय आहे आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. ग्राहक दुकानातून जे उचलतो ती विक्री. दुकानदार, डिस्ट्रिब्युटर किंवा सुपर स्टॉकिस्ट आपल्या वरच्याला जे लिहून देतो ती ऑर्डर. कारखान्याला विक्री दिसत नाही, त्याला फक्त ऑर्डर दिसते.

आधी कागदावर उलगडा करा

उपाय शोधण्यापूर्वी हा परिणाम स्वतःच्या हाताने एकदा मांडून पाहावा, म्हणजे तो कोणाच्या मूर्खपणातून येत नाही हे पटते. आमच्या प्रसंगाचे आकडे मी सोपे करून घेतो. एका भागातल्या सगळ्या दुकानांत मिळून आठवड्याला १०० पेट्या विकल्या जातात. दुकाने डिस्ट्रिब्युटरकडून, डिस्ट्रिब्युटर वाघोलीच्या गोदामातल्या सुपर स्टॉकिस्टकडून आणि सुपर स्टॉकिस्ट कारखान्याकडून माल घेतो. तिघांचाही नियम एकच आणि अगदी शहाणपणाचा आहे: आठवड्याच्या शेवटी ऑर्डर दिल्यानंतर हातातला आणि वाटेतला माल मिळून, त्या आठवड्यात जेवढा माल गेला त्याच्या दुप्पट असावा. आता दुसऱ्या आठवड्यात विक्री ११० होते आणि तिथेच राहते.

दुकानांकडे २०० पेट्यांचा साठा होता, त्यातून ११० गेल्या, ९० उरल्या. नवा दुप्पट साठा म्हणजे २२०, म्हणून ऑर्डर १३० ची. डिस्ट्रिब्युटरला ग्राहक दिसत नाही, त्याला १३० दिसतात. त्याच्या २०० मधून १३० गेल्या, ७० उरल्या, १३० ची दुप्पट २६०, म्हणून त्याची ऑर्डर १९० ची. सुपर स्टॉकिस्टला १९० दिसतात. त्याच्याकडे १० उरतात, त्याला ३८० हवे असतात आणि तो ३७० ची ऑर्डर कारखान्याकडे पाठवतो. पुढच्या आठवड्यांत काय होते ते तक्त्यात पाहा.

| आठवडा | दुकानातली विक्री | दुकानांची ऑर्डर | डिस्ट्रिब्युटरची ऑर्डर | कारखान्याला आलेली ऑर्डर |
|---|---|---|---|---|
| १ | १०० | १०० | १०० | १०० |
| २ | ११० | १३० | १९० | ३७० |
| ३ | ११० | ११० | ७० | ० |
| ४ | ११० | ११० | ११० | २० |
| ५ | ११० | ११० | ११० | ११० |

तिसऱ्या आठवड्यातले शून्य असे येते: सुपर स्टॉकिस्टकडून फक्त ७० पेट्या जातात, म्हणून त्याला १४० पुरेशा वाटतात, पण त्याच्याकडे ३१० पडून असतात. तो ऑर्डर देणार तरी कशाला? कारखान्यात मात्र ‘बाजार पडला’ असे वाटते.

या तक्त्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वरवर पाहता दिसत नाही. दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात कारखान्याकडून एकूण ५०० पेट्या गेल्या. याच चार आठवड्यांत ग्राहकांनी ४४० पेट्या घेतल्या. फरक ६० चा, आणि तो अगदी योग्य आहे, कारण विक्री १० ने वाढल्यावर दोन आठवड्यांचा साठा प्रत्येक टप्प्यावर २० ने वाढायला हवा आणि टप्पे तीन आहेत. म्हणजे कोणी जास्त माल मागवला, असे झालेलेच नाही. त्या साठ पेट्या किती आठवड्यांत विभागून मागवायच्या, एवढाच खरा प्रश्न आहे. यापुढचे सगळे याच साठ पेट्यांभोवती फिरते.

मोजमाप: कोणते आकडे घ्यायचे

आसूड-परिणाम मोजायला दोन रांगा लागतात: आठवडावार विक्री आणि आठवडावार ऑर्डर. दुसरी रांग सोपी वाटते, पण बहुतेक जण ती बिलांवरून काढतात आणि तिथेच फसतात. माल शिल्लक नसेल तर १०० ची ऑर्डर असूनही ६० चे बिल होते आणि उसळी बिलात बुजून जाते. म्हणून ऑर्डर ज्या दिवशी आली त्या दिवशी, जेवढी आली तेवढी नोंदवलेली असावी. ती नोंद नसेल तर आजपासून सुरू करावी आणि मागचे बिलांचे आकडे फारसे विश्वासाचे धरू नयेत.

दुसरी चूक महिन्याचे आकडे घेण्याची. आपल्याकडच्या डिस्ट्रिब्युटरच्या ऑर्डरी महिनाअखेर तुंबून येतात. महिन्याची बेरीज केली की तो फुगवटा गायब होतो आणि मालकाला ‘आपल्याकडे सगळे सुरळीत आहे’ असे दिसते. कारखान्यात पाळ्या आठवड्याने ठरतात, तेव्हा मोजमापही आठवड्याचेच हवे.

खरी अडचण विक्रीच्या रांगेची आहे. डिस्ट्रिब्युटरच्या सॉफ्टवेअरमधून ज्याला ‘सेकंडरी सेल’ म्हणतात तो आकडा मिळतो, पण तो दुकानांची ऑर्डर आहे, ग्राहकाची विक्री नव्हे. आमच्या तक्त्यात तिथेच ११० चे १३० झालेले होते. मोठ्या सुपरमार्केटकडे बिलिंगचा आकडा असतो. किराणा दुकानात तो बहुधा नसतो, म्हणून मोजणी हाताने करावी लागते. आम्ही वेगवेगळ्या पेठांतली, कोथरूडमधली आणि हडपसरमधली मिळून वीस दुकाने निवडली. सेल्समन दर आठवड्याला ठरलेल्या वारीच आपल्या बीटवर जातो, तेव्हा त्याने शंभर ग्रॅमची पाकिटे मोजायची: मागच्या वेळची शिल्लक, अधिक मधल्या आठवड्यात आलेला माल, वजा आजची शिल्लक, म्हणजे विक्री. मोजताना फळीवरची पाकिटे, फळीमागची बंद पेटी आणि बहुतेक दुकानांत असतो तो पोटमाळा, तिन्ही पाहायला लागतात. एका दुकानात सलग दोन आठवडे विक्री उणे येत होती. शेवटी कळले की दुकानदार अधूनमधून शेजारच्या दुकानातून पेटी उसनी आणत होता. अशा नोंदी गाळून टाकाव्यात, ओढूनताणून जुळवू नयेत.

तेरा आठवड्यांच्या नोंदी झाल्या की स्प्रेडशीटच्या ‘बी’ स्तंभात वीस दुकानांची विक्री आणि ‘सी’ स्तंभात कारखान्याला आलेली ऑर्डर भरून हे सूत्र लिहावे:

```
=(STDEV.S(C2:C14)/AVERAGE(C2:C14))/(STDEV.S(B2:B14)/AVERAGE(B2:B14))
```

प्रत्येक रांगेचा चढउतार तिच्या स्वतःच्या सरासरीच्या प्रमाणात काढून मग त्यांचे गुणोत्तर घेतलेले असल्याने, एक रांग पाकिटांत आणि दुसरी पेट्यांत असली तरी बिघडत नाही. उत्तर १ च्या आसपास आले तर ऑर्डर विक्रीइतकीच हलते आहे. ते जितके मोठे, तितका आसूड जोराचा. मात्र वीस दुकानांची विक्री ही सगळ्या बाजाराच्या विक्रीपेक्षा स्वभावतःच जास्त हलते, कारण दुकाने थोडी असली की योगायोग एकमेकांना कापत नाहीत. त्यामुळे भाजक फुगतो आणि आलेले गुणोत्तर खऱ्यापेक्षा कमी असते. ३ आले तर ‘निदान ३’ असे वाचावे.

हे गुणोत्तर प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे काढता आले तर उसळी कुठे जन्मते ते सापडते. आमच्याकडे ती सर्वांत जास्त डिस्ट्रिब्युटर आणि सुपर स्टॉकिस्ट यांच्यामध्ये होती. मी मात्र तोवर किराणा दुकानदारांना दोष देत होतो.

ऑर्डरीचा नियम बदलणे

पहिला बदल सर्वांत स्वस्त आहे: साठा ठरवताना मागच्या एका आठवड्याऐवजी मागच्या चार आठवड्यांची सरासरी धरायची. वरचेच उदाहरण घेऊ. दुसऱ्या आठवड्यात विक्री ११० झाली तरी चार आठवड्यांची सरासरी १०२.५ च होते. हवा असलेला साठा २०५, हातात ९०, म्हणून दुकानांची ऑर्डर १३० ऐवजी ११५. पुढचे तीन आठवडेही सरासरी दर खेपेला अडीचने वाढते आणि ऑर्डर ११५ च राहते. सहाव्या आठवड्यात ती ११० वर येते. हाच नियम वरच्या दोघांनीही पाळला तर कारखान्याला दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात दर आठवड्याला सुमारे १३४, सहाव्या ते नवव्या आठवड्यात १००, पुढचे चार आठवडे १११ आणि नंतर ११० पेट्यांची ऑर्डर येते. कुठे ३७०, शून्य आणि २०, आणि कुठे १३४ आणि १००! माल तेवढाच जातो. त्या साठ पेट्याच थोड्या पुढेमागे होतात.

याची किंमत आहे, आणि ती न सांगता हा उपाय विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. सरासरी मागे राहते, म्हणून वाढ खरी असेल तर काही आठवडे साठा दोन आठवड्यांपेक्षा कमी राहतो. आमच्या उदाहरणात दुसऱ्या आठवड्याअखेर दुकानांकडे २०५ पेट्या असतात, म्हणजे नव्या विक्रीच्या हिशोबाने पावणेदोन आठवड्यांहून थोडा जास्त माल. सुपर स्टॉकिस्टकडे तर साधारण १.७ आठवड्यांचाच. माल पोहोचायला एक आठवडा लागत असेल तर हे सहज चालते. दीड आठवडा लागत असेल तर उंबरठ्यावर आहे. त्याहून जास्त लागत असेल तर आधी साठ्याची पातळी थोडी वाढवावी, मग सरासरी लांबवावी.

दुसरा बदल वाटेतल्या मालाचा. वर मी गृहीत धरले की तिघेही वाटेतला माल मोजतात. प्रत्यक्षात पुष्कळ डिस्ट्रिब्युटर फक्त गोदामातला माल मोजतात. समजा त्याला ४० पेट्या कमी पडल्या, त्याने सोमवारी ४० जादा मागवल्या आणि त्या पुढच्या बुधवारी येणार आहेत. पुढच्या सोमवारी तो पुन्हा गोदाम पाहतो, ४० अजूनही कमीच दिसतात आणि तो पुन्हा ४० जादा लिहितो. बुधवारी पहिले ४० येतात, त्यापुढच्या बुधवारी दुसरे ४०, आणि मग दोन आठवडे त्याचा फोन येत नाही. एमआयटीमधलेच जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये पुरवठा-साखळीच्या एका खेळातून दाखवले की शिकलीसवरलेली माणसेही ऑर्डर देताना वाटेतला माल हिशोबात पुरेसा धरत नाहीत. उपाय अगदी कागदी आहे: ऑर्डरीच्या फॉर्मवर ‘गोदामात’ आणि ‘वाटेत’ असे दोन रकाने ठेवावेत आणि दुसरा रकाना रिकामा असलेली ऑर्डर घेऊ नये. ‘वाटेत’चा आकडा आपणच भरून पाठवला तर आणखी उत्तम, कारण तो आपल्या डिस्पॅचच्या वहीत असतोच.

तिसरा बदल अवघड, पण सर्वांत परिणामकारक आहे: साठ्याचा अंदाज खालच्याच्या ऑर्डरीवरून न बांधता तिघांनीही दुकानातल्या विक्रीवरून बांधायचा. आलेली ऑर्डर प्रत्येक जण पूर्ण करतोच. त्यावर स्वतःचा साठा वाढवायला किती जोडायचे, एवढेच विक्रीच्या सरासरीवरून ठरवतो. विक्रीची सरासरी आठवड्याला अडीचने वाढते आहे, तेव्हा दुप्पट साठ्यासाठी प्रत्येकाला पाचच जोडायचे आहेत. दुकाने ११५ ची ऑर्डर देतात, डिस्ट्रिब्युटर १२० ची, सुपर स्टॉकिस्ट १२५ ची, आणि हे चार आठवडे चालून सगळे ११० वर स्थिरावतात. इथे १०० ची घसरणही येत नाही. चार आठवडे पंधरा पंधरा जास्त, म्हणजे पुन्हा त्याच साठ पेट्या, पण सरळ रेषेत. कारण असे की खालच्याच्या ऑर्डरीवरून अंदाज बांधला तर प्रत्येक टप्प्यावर उसळीचा गुणाकार होतो, आणि सगळ्यांनी मूळ विक्री पाहिली तर नुसती बेरीज होते.

यासाठी मोठे सॉफ्टवेअर लागते असे नाही. आम्ही वीस दुकानांच्या विक्रीची चार आठवड्यांची सरासरी दर सोमवारी सकाळी डिस्ट्रिब्युटरांच्या व्हॉट्सॲप गटावर एका ओळीत टाकत असू: मागच्या सोमवारच्या तुलनेत किती टक्के वर किंवा खाली. त्यांना पेट्यांचा आकडा नको होता, दिशा आणि प्रमाण हवे होते. सुरुवातीला कोणी त्याकडे पाहिले नाही. एका आठवड्यात एका डिस्ट्रिब्युटरने नेहमीच्या दुप्पट ऑर्डर दिली आणि आमच्या डिस्पॅचच्या माणसाने फोन करून ‘दुकानांत तर दोनच टक्के वाढ आहे, एवढा माल कशाला?’ असे विचारले, तेव्हापासून ते पाहू लागले.

तुटवड्यातली खोटी ऑर्डर

१९९७ मध्ये हाउ ली, व्ही. पद्मनाभन आणि सुंगजिन व्हांग या तीन अभ्यासकांनी आसूड-परिणामाची चार कारणे वेगळी करून दाखवली: खालच्या ऑर्डरीवरून बांधलेला अंदाज, साठवून दिलेल्या ऑर्डरी, भावातले चढउतार आणि तुटवड्यातली चढाओढ. पहिल्यावर वर सविस्तर आलेच. शेवटचे मला सर्वांत फसवे वाटते, कारण त्यात हिशोबाची चूक नसते, समोरचा जाणूनबुजून जास्त लिहीत असतो.

नारायण पेठेतल्या एका दुकानात मी सेल्समनबरोबर उभा होतो. त्या महिन्यात माल कमी पडत होता. दुकानदाराने वहीत न पाहताच सांगितले, ‘वीस पेट्या लिहा.’ त्याची विक्री आठवड्याला पाच पेट्यांची होती. मी विचारले, ‘काका, वीस लागणार आहेत का?’ ते शांतपणे म्हणाले, ‘लागणार पाचच आहेत हो. पण मागच्या वेळी पाच लिहिल्या तेव्हा दोन आल्या. वीस लिहिल्या तर आठ येतील.’ त्यांचे गणित बिनचूक होते, कारण आम्ही खरोखरच उपलब्ध माल ऑर्डरीच्या प्रमाणात वाटत होतो. जो जास्त खोटे लिहील त्याला जास्त माल, असा तो नियम होता आणि तो आम्हीच केलेला होता.

उपाय एकाच ओळीचा आहे: तुटवड्यात माल वाटताना या आठवड्याची ऑर्डर पाहायची नाही, तुटवडा सुरू होण्याआधीच्या तेरा आठवड्यांची प्रत्यक्ष उचल पाहायची. हे आधी जाहीर करावे लागते. गुपचूप केले तर वीसचे तीस होतात. नवीन दुकानांवर यात थोडा अन्याय होतो, त्यांच्यासाठी दहा टक्के माल बाजूला ठेवावा. आणि तुटवडा संपल्यावर आलेली ऑर्डर-रद्दची लाट ही ‘बाजार पडल्याची’ खूण समजू नये. हीच ती वेळ जेव्हा वीस दुकानांची मोजणी कामाला येते: ऑर्डरी कोसळल्या आणि विक्री जागच्या जागी असेल तर उत्पादन कमी करायचे, पण माणसे सोडायची नाहीत.

महिनाअखेर आणि स्कीम

उरलेल्या दोन कारणांवर थोडक्यात लिहितो, कारण ती समजायला सोपी आणि बदलायला कठीण आहेत. चार डिस्ट्रिब्युटर आठवड्याला पंचवीस पेट्या अगदी स्थिरपणे विकत असले आणि चौघेही महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शंभर शंभरची ऑर्डर देत असले, तर कारखान्याला शून्य, शून्य, शून्य, चारशे असे दिसते. प्रत्येकाचा आठवडा वेगळा ठरवून दिला तर दर आठवड्याला शंभर दिसतात. कोणाच्याही विक्रीला धक्का न लावता सगळी उसळी नाहीशी होते. अडचण ट्रकची असते: लहान ऑर्डरीला अर्धी गाडी जाते. त्यावर आम्ही एकाच मार्गावरच्या दोन डिस्ट्रिब्युटरांचा माल एका छोट्या हत्तीत चढवून पाहिला. भाडे पेटीमागे थोडे वाढले, पण दुसऱ्या पाळीच्या ओव्हरटाइमपुढे ते काहीच नव्हते.

मात्र ऑर्डरीचा आठवडा ठरवून दिला आणि सेल्समनचे टार्गेट महिनाअखेरीलाच मोजले, तर तो डिस्ट्रिब्युटरला गळ घालून तीस तारखेला माल भरतोच. हा बदल नियोजन विभागाच्या हातात नसतो, मालकाच्या हातात असतो. टार्गेट डिस्ट्रिब्युटरच्या खरेदीवर न लावता दुकानांत गेलेल्या मालावर लावले तर गळ घालण्याचे कारणच उरत नाही. स्कीमचेही तसेच. ‘दहावर एक मोफत’ डिस्ट्रिब्युटरच्या खरेदीवर दिली की तो दोन महिन्यांचा माल एकदम उचलतो आणि नंतर गप्प बसतो. तीच सूट त्याने दुकानांना विकलेल्या मालावर दिली तर त्याला आगाऊ भरण्यात फायदा राहत नाही. स्कीम फायद्याची ठरली की नाही हे पाहताना स्कीमचा महिना आणि त्यानंतरचे दोन महिने एकत्र मोजावेत. एकटा महिना प्रत्येक स्कीमला यशस्वी ठरवतो.

भाव न बदलताही हेच घडू शकते. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाला, त्याआधीच्या जूनमध्ये देशभरातल्या वितरकांनी जुन्या करातला माल हातात राहू नये म्हणून खरेदी आखडती घेतली. घरोघरी स्वयंपाक त्या महिन्यातही तेवढाच होत होता. कंपन्यांच्या विक्रीचे आकडे मात्र घसरले.

कुठे हे लावायचे नाही

सणाची वाढ हा आसूड-परिणाम नव्हे. दिवाळीआधी चिवडा मसाल्याची विक्री खरोखरच वाढते, ती चार आठवड्यांच्या सरासरीवर सोडली तर माल लक्ष्मीपूजनानंतर पोहोचेल. सणासाठी मागच्या वर्षांवरून वेगळा आकडा काढून तो आधीच ऑर्डरीत धरावा. उलट बाजू जास्त फसवते: दिवाळी संपल्यावर पुढचे तीन-चार आठवडे सरासरीत दिवाळीचेच आठवडे मिसळलेले असतात आणि नियम गरजेपेक्षा जास्त माल मागवत राहतो. म्हणून सणाचे आठवडे सरासरीतून काढून त्यांच्या जागी सणाआधीच्या साध्या आठवड्यांचे आकडे घालावेत.

बदल केल्यावर तेरा आठवड्यांनी वरचे गुणोत्तर पुन्हा काढावे, पण त्याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवावा: वीस दुकानांपैकी किती दुकानांत मोजणीच्या दिवशी एकही पाकीट नव्हते. गुणोत्तर उतरले आणि रिकामी दुकाने वाढली, तर ऑर्डर जास्तच संथ झाली आहे. सरासरी चारऐवजी तीन आठवड्यांची करावी किंवा साठ्याची पातळी थोडी वाढवावी. दोन्ही उतरले तर पुढच्या टप्प्याकडे वळावे, आणि तो टप्पा म्हणजे आपण स्वतः. कारण कारखानाही कोणाचा तरी ग्राहक असतो. आमच्या छापील पॅकिंग फिल्मचा पुरवठादार ठरलेल्या किमान वजनाच्या खालची ऑर्डर घेत नसे, आणि आमच्याकडून त्याला दोन महिने काहीच जात नसे आणि मग एकदम तातडीची मोठी ऑर्डर जात असे. डिस्ट्रिब्युटरांबद्दल आम्ही जी तक्रार करत होतो, तीच तो आमच्याबद्दल करत होता. सोमवारची ती एक ओळ आम्ही त्यालाही पाठवू लागलो आणि छापाईची तारीख तो आमच्या फोनची वाट न पाहता स्वतः ठरवू लागला.